केनो: चारात एकदा लागतं म्हणे!

पत्त्यांचा राजा: आकडे निवडून सोडतीशी जुळवायच्या केनोला लोक उगाच बदनाम करतात. चार आकडे निवडले तर साधारण दर चौथ्या खेळात काही ना काही लागतंच. बक्षिसांचं कोष्टक आधीच समोर असतं, लपवाछपवी नाही. ऑनलाइन स्क्रॅचकार्डचंही तेच. मग ‘घराचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, फायदा प्रचंड’ ही ओरड कशाला?

आकडेमोड: कोष्टक समोर असतं, पण वाचतो कोण? ८० आकड्यांतून २० निघतात. मी पाहिलेल्या एका कोष्टकात चारपैकी २ जुळले तर १ पट, ३ जुळले तर ४ पट, चारही जुळले तर १२० पट मिळतात. आता एकेक क्रेडिट लावून हजार खेळ खेळा. सरासरी २१३ वेळा दोन जुळतील, ४३ वेळा तीन आणि जेमतेम ३ वेळा चार. म्हणजे २१३ अधिक १७२ अधिक ३६०, मिळून ७४५. अपूर्णांक धरले तरी ७५०च्या जरासंच वर. लावलेले हजार, त्यातले पाव गेले.

आणि तुमचं ते ‘लागणं’? २५९ वेळा पडद्यावर रोषणाई होते, त्यातल्या २१३ वेळा तुमचंच क्रेडिट तुम्हाला परत मिळतं. खरी कमाई हजारात ४६ वेळा.

पत्त्यांचा राजा: मग चार निवडता कशाला? एकच आकडा निवडा. चारात एकदा येतो, तिप्पट मिळतात. सरळ हिशोब.

आकडेमोड: सरळच आहे. चारात एकदा येणाऱ्या गोष्टीला चौपट मिळाले तर बरोबरी होते, तुम्हाला मिळतात तिप्पट. त्या तिपटीत लावलेला एकही धरलेला असतो. पुन्हा पाव टक्का नव्हे, पाव हिस्सा गेला. एका शून्याच्या रुलेटमध्ये घर २.७ टक्के घेतं, तेही लोकांना जास्त वाटतं!

सोनचाफा: तुमची गणितं राहू द्या. मी महिनाभर ऑनलाइन स्क्रॅचकार्ड खेळले. प्रत्येक वेळी दोन चिन्हं सारखी आणि तिसरं नेमकं वेगळं. प्रत्येक वेळी! ही सरळसरळ फसवणूक आहे. केनोचं काय घेऊन बसलात?

आकडेमोड: फसवायची गरजच नाही हो, कोष्टकातच सगळं वसूल होतं. कार्ड घेतलंत त्या क्षणी सर्व्हरवर निकाल लागलेला असतो. खरवडणं हे निव्वळ ॲनिमेशन.

सोनचाफा: तेच तर म्हणतेय! निकाल आधीच ‘हरलात’ असा लागलाय, तर मला दोन हिरे दाखवून जीव टांगणीला का लावता?

खवचट काका: आकडेमोड, इथे ताईंचा मुद्दा आहे, उगाच झटकू नका. केनोत चारपैकी तीन येणं हे सोडतीतून आपसूक घडतं. कार्डावर हरलेला निकाल कोणत्या चित्रांनी दाखवायचा हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

बाकी कागदी कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे ठरावीक कार्डं छापतात, मोठी बक्षिसं ठरावीक. ती निघून गेली की उरलेल्या गठ्ठ्याची किंमत घसरते, दर्शनी भाव तोच. ऑनलाइन बऱ्याच खेळांत असा गठ्ठाच नसतो, दर वेळी नवी सोडत. त्यामुळे ‘इतके हरले, आता लागेलच’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आकडेमोड: चित्रं मुद्दाम मांडतात, मान्य. त्याला फसवणूक म्हणायला मी तयार नाही. परतावा त्याने बदलत नाही.

सोनचाफा: परतावा नाही बदलत, मी किती कार्डं घेते ते बदलतं. तुमच्या सूत्रात मी कुठे बसते?

पत्त्यांचा राजा: धागा केनोचा होता, आठवण करून देतो. आणि मी खेळतो त्या ऑनलाइन केनोचा परतावा ९५ टक्के आहे. खेळाच्या माहितीतच लिहिलंय. आता बोला.

आकडेमोड: बोलतो. ९५ टक्के आहे, तर कोष्टक चांगलं आहे, घ्या. मिनिटाला किती खेळ होतात?

पत्त्यांचा राजा: ऑटोप्लेवर दहाएक. का?

आकडेमोड: म्हणजे तासाला ६०० खेळ. एकेक क्रेडिट लावलंत तर ६०० लावले, त्याचे ५ टक्के म्हणजे सरासरी ३० गेले. जुन्या पद्धतीत दर पाच मिनिटांनी सोडत असायची, तासाला १२. घराने पाव हिस्सा घेतला तरी ३ गेले. टक्केवारी लावलेल्या एकूण रकमेवर मोजतात, खात्यात भरलेल्या रकमेवर नाही. जिंकलेलंही तुम्ही पुन्हा लावताच की.

पत्त्यांचा राजा: बरं महाराज, तुम्ही थोर. ऑटोप्ले बंद करतो, खूश? पण माझ्या बहिणीच्या वाढदिवसाचे आकडे मी सोडणार नाही, दोनदा लागलेत.

आकडेमोड: खुशाल ठेवा. कोणतेही आकडे निवडा, शक्यता तीच. फरक पडतो तो किती निवडता याने.

खवचट काका: दोनदा लागले म्हणजे किती जुळले होते?

पत्त्यांचा राजा: ...चारपैकी दोन.