'पंधरा दिवसांनी गाडी येते' म्हणजे नेमकी कधी? वार पुरेसा की तारखाच मागाव्या?

पऱ्हाटीवाला: आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) बीपी-शुगरच्या तपासणीची फिरती गाडी येते. १ जुलैला मंगळवारी आली, १५ जुलैला मंगळवारी आली. मी आणि गावातल्या पोरांनी ठरवलं की पहिला आणि तिसरा मंगळवार, मग ५ ऑगस्टसाठी दोन वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांची ऑटो ठरवून ठेवली. गाडी २९ जुलैलाच येऊन गेली. ५ तारखेला नऊ माणसं मजुरी पाडून बसली अन् गाडी नाही. आईच्या गोळ्या २९ ला संपल्या, आता १२ ऑगस्टपर्यंत विकत घ्याव्या लागणार. माझं मत, 'पंधरा दिवसांनी' हा शब्दच बंद करावा, लेखी तारखाच मागाव्या. तुम्हाला काय वाटते?

वावरातला_माणूस: नाही पटलं भाऊ. आपल्याकडं 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की त्याच वारी यायचं, आठवा दिवस कोणी मोजत नाही. तसंच पंधरा दिवसांनी म्हणजे एक हप्ता सोडून तोच वार. आमच्या बुढीला विचारा, ती बरोबर सांगते. शब्दात खोट नाही, तुमच्या पोरांनी पहिला-तिसरा काहून धरला ते सांगा. वार सांगितला की झालं, तारखांचा कागद कोण सांभाळते?

पऱ्हाटीवाला: दोन्ही फेऱ्या १ आणि १५ ला जुळल्या म्हणून धरला ना दादा. पहिला मंगळवार, तिसरा मंगळवार, अगदी बरोबर बसत होतं.

दूधसंकलन_ताई: मी दोघांचंही अर्धं मानते. आमच्याकडे दुधाचा पंधरवडा १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा असतो, त्यामुळे माझ्यासाठी पंधरवडा म्हणजे महिन्यातून दोनदा, बस. एक आड एक हप्ता काय आणि महिन्यातून दोनदा काय, सारखंच आहे, उगीच वाढवू नका. गाडीवाल्यांनीच मनानं तारीख बदलली असणार.

फिरतं_पथक_माजी: ताई, सारखं नाही, आणि तारीख कोणी बदलली नाही. तुमचा पंधरवडा तारखेला बांधलेला आहे, म्हणून दुसरा भाग कधी १६ दिवसांचा आणि फेब्रुवारीत १३ दिवसांचाही होतो, वर्षाला २४ बिलं. गाडीची फेरी वाराला बांधलेली, बरोबर १४ दिवस, वर्षाला २६ फेऱ्या. मी बरीच वर्षं अशा गाड्यांचे दौरे लावलेत म्हणून सांगतो असं का असतं. गाडी एकच, सोमवार ते शुक्रवार दोन हप्त्यांचे दहा दिवस, म्हणून दहा गावं, आणि कामाच्या अकराव्या दिवशी परत पहिलं गाव. त्यात महिना कुठं संपतो हे कोणी बघतच नाही.

आता पऱ्हाटीवाल्या भाऊची चूक कुठं लपली होती ते बघा. जुलैत मंगळवार पाच होते, १, ८, १५, २२, २९. पहिल्या दोन फेऱ्यांनी काहीच कळत नाही, कारण १ आणि १५ हे 'पहिला-तिसरा'लाही जुळतात, 'एक सोडून एक'लाही जुळतात, १ तारीख धरून मोजली तर पंधरावा दिवसही १५ च येतो. फरक फक्त पाचवा मंगळवार आला की दिसतो. म्हणून मागच्या दोन तारखांवरून पुढचं ठरवू नका, पाचवा मंगळवार ओलांडेल अशा पुढच्या पाच तारखा मागा. तुमच्या गाडीच्या १२ ऑगस्ट, २६ ऑगस्ट, ९ सप्टेंबर, २३ सप्टेंबर, ७ ऑक्टोबर अशा यायला पाहिजेत. सांगणारा ७ ऑक्टोबरऐवजी १४ ऑक्टोबर म्हणाला तर समजा तो दुसरा-चौथा धरून बोलतोय, तिथंच थांबवा आणि गाडी चालवणाऱ्यालाच विचारा.

वावरातला_माणूस: म्हणजे मीच म्हटलं ते बरोबर निघालं ना, एक हप्ता सोडून तोच वार.

फिरतं_पथक_माजी: तुमचा अर्थ बरोबर, पण फक्त वार पुरत नाही. 'एक सोडून' म्हटलं तरी कोणता हप्ता सोडायचा ते माहीत पाहिजे. ८ जुलैपासून मोजणारा माणूसही एक सोडूनच मोजतो आणि वर्षभर दर वेळी रिकाम्या मंगळवारी येऊन बसतो. सुरुवातीची एक तारीख पक्की लागतेच. मोबाईलमध्ये लावायचं तरी दर २ आठवड्यांनी, मंगळवार, आणि सुरुवात १ जुलै असंच लावा, 'दर महिन्याला पहिला मंगळवार' हा पर्याय नको.

पुण्यात_अडकलेला: माझ्या बाबांचं डायलिसिस 'आठवड्यातून दोनदा' सांगितलं होतं, मी इथून फोनवर गाडी ठरवली सोमवार-मंगळवार, कारण ड्रायव्हर त्याच दोन दिवशी रिकामा. सेंटरवरच्या सिस्टरनी लगेच थांबवलं, म्हणाल्या मधे अंतर पाहिजे, सलग केलं तर पुढचे सहा दिवस अंगात पाणी साठत राहील. मग सोमवार-गुरुवार केलं, तीन दिवस आणि चार दिवस. त्यामुळे कितीदा विचारून होत नाही, मधे किती दिवस तेही विचारा. आणि गावच्या ग्रुपवर एक मेसेज आलेला 'बाय-वीकली शिबिर', माझा भाऊ समजला हप्त्यातून दोनदा, मी समजलो पंधरा दिवसांनी, इंग्रजीत त्या शब्दाचे दोन्ही अर्थ चालतात म्हणे, तो शब्द तर कोणी लिहूच नये.

एकादशीवाले_काका: आमच्या काळी कागद नव्हता. पंधरवडा म्हणजे पक्ष. एकादशी ते एकादशी, चुकत नाही.

फिरतं_पथक_माजी: काका, एकादशी तिथीवर चालते, कधी १४ दिवसांनी तर कधी १५ दिवसांनी, वार टिकत नाही. उपासाला ते बरोबर, पण ड्रायव्हरला ठरलेला वार लागतो.

दूधसंकलन_ताई: बरं, २४ आणि २६ मला पटलं, माझं चुकलं. पण सुट्टी आली तर? तुमच्या हिशोबानं मोजत गेलं तर २३ सप्टेंबर, ७ ऑक्टोबर, २१ ऑक्टोबर, आणि २१ ला लक्ष्मीपूजन आहे. गाडी काही येणार नाही.

फिरतं_पथक_माजी: हा प्रश्न आधीच विचारायचा. आमच्याकडे फेरी गळायची, सरळ ४ नोव्हेंबर, कारण तुमच्यासाठी २८ ला यायचं तर त्या दिवशीच्या दुसऱ्या गावाला उपाशी ठेवायचं. म्हणून त्या आधीच्या फेरीला, ७ ऑक्टोबरला, आम्ही २८ दिवसांच्या गोळ्या द्यायचो. काही पथकं शनिवार राखून ठेवतात आणि बुडलेली फेरी त्या शनिवारी करतात.

वावरातला_माणूस: आमच्या इथं तर एकदा पोळ्याला बुडाली अन् पुढच्या हप्त्यात आली, अन् तिथूनच नवीन मोजणी सुरू झाली. म्हणजे सगळीच फेरी सरकली.

फिरतं_पथक_माजी: तसंही करतात. मला ते चुकीचं वाटते, पण करतात.

पऱ्हाटीवाला: १२ ला ड्रायव्हर आणि सिस्टर दोघांनाही विचारतो, २१ ऑक्टोबरचं पण. पाच तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहीन, 'पंधरा दिवसांनी' हा शब्द खाली लिहू की नको ते अजून ठरत नाही.

वावरातला_माणूस: लिहा जी, बुढ्यांना तोच समजते. वर तारखा, खाली तो शब्द.