स्टेकिंगचे १५ टक्के देतं कोण?

पिंपळगावकर: द्राक्षाचे पैसे हातात आलेत. पतसंस्थेत ठेवले तर ९ टक्के. भाच्याने कॉसमॉस या क्रिप्टो नेटवर्कच्या ॲटम नाण्याचं स्टेकिंग दाखवलं, म्हणजे नाणी नेटवर्कमध्ये अडकवून ठेवायची आणि बक्षीस घ्यायचं. स्क्रीनवर वर्षाला १५ टक्क्यांच्या वर आकडा. हे पैसे देतं कोण? काढायला २१ दिवस का? स्लॅशिंग म्हणून दंडात नाणी कापतात म्हणे, त्यात मुद्दलही जातं का?

गोदाकाठ: दादा, मागून येणाऱ्यांच्या पैशातून पुढच्यांना वाटायचं, हीच ती साखळी. असल्या योजनांत बुडालेली घरं मी पंचवटीत पाहिली आहेत. लांब राहा.

सिडकोचा नोडवाला: गोदाकाठ, काळजी बरोबर आहे, कारण चुकलं. इथे कुणाचे रुपये तुमच्याकडे येत नाहीत. व्यवहारांचा गठ्ठा म्हणजे ब्लॉक, नेटवर्क दर ब्लॉकला नवी नाणी पाडतं आणि स्टेक केलेल्यांत वाटतं. व्यवहारांच्या शुल्कातूनही थोडं येतं, पण ॲटममध्ये मुख्य वाटा नव्या नाण्यांचाच.

हिशोब करून बघा. समजा एकूण नाणी १०००, त्यातली ६०० स्टेकमध्ये आणि वर्षाला १०० नवी पडली. ती ६०० वर वाटली म्हणजे जवळपास पावणेसतरा टक्के. तुमची १०० असतील तर वर्षाअखेर ११६ च्या वर होतील. पण एकूण नाणीही ११०० झाली. तुमचा वाटा १० टक्क्यांवरून १०.६ झाला, म्हणजे खरी वाढ साधारण ६ टक्के. ती आली ज्यांनी स्टेक केलं नाही त्यांच्या वाट्यातून. शिवाय ज्याच्या मशीनमागे तुम्ही नाणी लावता आणि जो ब्लॉक तपासून सही करतो, तो व्हॅलिडेटर बक्षिसातून आपलं कमिशन कापतो.

गोदाकाठ: म्हणजे १५ चे ६ झाले, तेही नाण्यात, रुपयात नाही. भाव तिसऱ्या हिश्श्याने पडला तर पतसंस्थेशी तुलनाच नको. साखळी नसेल, पण याला व्याज म्हणू नका.

सिडकोचा नोडवाला: व्याज मीही म्हणत नाही. पण ज्याच्याकडे ॲटम आधीच आहे आणि विकायचं नाही, त्याने स्टेक न करणं म्हणजे वाटा झिजू देणं. यावर आपलं जमणार नाही.

ओझरचा: माझ्यावर तर स्लॅशिंग झालंच! एका ॲपवर ‘स्टेक करा’ म्हणून नाणी टाकली. एक दिवस पैसे काढणं बंद, शिल्लक नुसती दिसते. आठ महिने झाले.

सिडकोचा नोडवाला: वाईट झालं, पण ते स्लॅशिंग नव्हे. तुमची नाणी ॲपवाल्याच्या ताब्यात होती आणि तो देत नाही. खऱ्या डेलिगेशनमध्ये, म्हणजे व्हॅलिडेटरमागे नाणी लावताना, नाणी तुमच्या वॉलेटच्या नावावरच राहतात, व्हॅलिडेटर ती पळवू शकत नाही. नेटवर्कच्या नोंदी सगळ्यांना दाखवणाऱ्या साइटवर, म्हणजे ब्लॉक एक्सप्लोररवर, स्वतःच्या वॉलेटचा पत्ता टाका. डेलिगेशन तिथे दिसलं नाही तर तुम्ही ॲपवाल्याला उसने दिलेत.

सातपूरचा: स्लॅशिंग म्हणजे व्हॅलिडेटरची लाईट गेली की पैसे कापतात. आपल्याकडे पावसाळ्यात तर रोजचंच.

सिडकोचा नोडवाला: अर्धं बरोबर. कॉसमॉसवर बरेच तास मशीन बंद राहिलं तर ०.०१ टक्का कापतात, म्हणजे १०० नाण्यांमागे एका नाण्याचा शंभरावा भाग, आणि व्हॅलिडेटर काही काळ बाहेर. खरा घाव दुहेरी सहीचा: एकाच उंचीच्या, म्हणजे एकाच क्रमांकाच्या, दोन वेगळ्या ब्लॉकवर एकाच डिजिटल किल्लीने सही. तिथे ५ टक्के जातात, १०० चे ९५. आणि ते डेलिगेट करणाऱ्याच्या मुद्दलातूनही जातात.

हे बहुतेक वेळा चोरीने नाही, घाईने होतं. मी इथे इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कचा व्हॅलिडेटर चालवतो. मागच्या जूनमध्ये वीज गेली, इन्व्हर्टर संपला. किल्ल्या दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून चालू करायला बसलो, बटणावर बोट होतं. तेवढ्यात वीज आली आणि जुनं मशीन आपोआप सुरू झालं. दोन्ही चालली असती तर स्लॅश झालो असतो. मशीन बंद राहिल्याचा तोटा मात्र क्षुल्लक होता, साधारण तेवढ्या वेळात जे मिळालं असतं तेवढाच.

२१ दिवसांचं कारणही हेच. दुहेरी सहीचा पुरावा उशिरा सापडला तरी शिक्षा करायला नाणी जागेवर हवीत. म्हणून काढायला लावल्यावरही त्या २१ दिवसांत, आधी झालेल्या चुकीसाठी, ती कापली जाऊ शकतात. बक्षीस मात्र बंद.

पिंपळगावकर: मला गोडी छाटणीला ऑक्टोबरात पैसे लागतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला काढायला लावले तर चालेल?

सिडकोचा नोडवाला: दिवस पुरतील. पण त्या तीन आठवड्यांत भाव पडला तर विकता येणार नाही. छाटणीचे पैसे यात घालू नका, उरलेल्याचं बोला.

गोदाकाठ: आणि कर? विकताना नफ्यावर ३० टक्के आहेच. बक्षीस मिळालं त्या दिवशीही उत्पन्न धरायचं का, यावर माझ्या ओळखीचे दोन सीए दोन उत्तरं देतात.

पिंपळगावकर: मग आमच्या सीएला विचारतो. छाटणीचे पतसंस्थेतच.