कडाक्याच्या भांडणानंतर आई-वडिलांशी पहिलं वाक्य काय बोललात?

आईशी किंवा वडिलांशी जोरात वाजलं, दोन्हीकडून नको ते बोललं गेलं, आणि अजून दोघांच्याही मनात ते सलतंय. अशा वेळी बोलणं पुन्हा सुरू कसं झालं, हे इथे लिहा. वाद कसा मिटला हे नको, कारण बरेचदा तो मिटतच नाही. पहिलं वाक्य कोणाचं होतं? समोरून थंड उत्तर आलं तेव्हा काय केलंत?

सायली_क
घर विकण्यावरून बाबांशी भांडण झालं. ते म्हणाले, "तुला फक्त पैसा दिसतो." मी म्हणाले, "तुम्हाला कधी कुणाची पडलेली नव्हतीच." मग अबोला. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला पुन्हा घरावर आलो असतो, म्हणून मेसेज लिहिला: "बाबा, घराबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तुम्हाला कुणाची पडलेली नव्हती, हे मी बोलले ते खरं नाही. ते मागे घेते. रविवारी सकाळी फोन करू का? घराचा विषय नको."

उत्तर आलं, "ठीक." एवढंच. खूप लागलं, पण मी त्यावर काही लिहिलं नाही. रविवारी फोनवर त्यांनी माझ्या खोकल्याची चौकशी केली आणि लगेच, "मग घराचं काय ठरवलंस?" मी म्हटलं, "त्यावर बोलायचंय, पण आज नाही. पुढच्या आठवड्यात नीट बसून बोलू." ते गप्प झाले. मग त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगू लागले. "तुला फक्त पैसा दिसतो" हे त्यांनी आजवर मागे घेतलेलं नाही.

जुना_वाचक
एवढं कशाला? चार दिवस गप्प बसायचं, आपोआप निवळतं. आमच्याकडे कधी कुणी माफीबिफी मागितली नाही.

मनीषा_समुपदेशक
किरकोळ खटक्यांना तुमचा उपाय चालतो. पण भांडणात माणसाच्या स्वभावावरच घाव बसला असेल, तर गप्प बसण्याचा अर्थ दोघं वेगवेगळा लावतात. मुलाला वाटतं, आपण त्यांना वेळ देतोय. आईला वाटतं, याला काही फरकच पडत नाही.

थांबायला हवंच. छाती धडधडत असताना ऐकू येतं ते फक्त आरोप म्हणून. शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, आणि तीही मनात भांडण घोळवत बसलं नाही तर. अजून डोक्यात प्रत्युत्तरं जुळवत असाल, तर फोन उचलू नका. वेळ लागणार असेल तर तेवढं कळवा: "आत्ता बोलवत नाही, उद्या फोन करते."

सायली, तुमचा मेसेज चालला कारण तुम्ही नेमकं एक वाक्य मागे घेतलंत आणि मत तसंच ठेवलंत. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यात दोष पुन्हा त्यांच्या वाटण्यावर जातो. "सॉरी, पण तुम्हीही..." म्हटलं की माफी संपली आणि भांडण सुरू झालं. आणि निरोप दुसऱ्या पालकाकरवी पाठवू नका. मधला माणूस चांगल्या हेतूनेच त्यात स्वतःचे शब्द घालतो, आणि पुढे त्या शब्दांवरून नवीन वाद होतो.

दोन_मुलांची_आई
मी पलीकडच्या बाजूने लिहितेय. मुलाशी भांडण झाल्यावर मी त्याला विचारलं, "गाडीचा विमा भरलास का?" मला विम्याचं काही पडलं नव्हतं. सरळ "कसा आहेस" विचारायचं धाडस होत नव्हतं. त्याने "हो" लिहिलं आणि संपवलं. मी त्यानंतर बरेच दिवस काही विचारलं नाही. "हो, भरला. तू कशी आहेस?" एवढं आलं असतं, तर मी त्याच दिवशी फोन केला असता.

निखिल_७७
माझं भावाशी वाजलंय, आई मध्ये अडकलीय. तिने दोघांना एकत्र बसवलं तर चालेल का?

मनीषा_समुपदेशक
आधी भावाशी तुम्ही थेट बोला. तिला पंच केलंत, तर दोघांपैकी एक जण तिच्यावरच रुसेल.

रात्रपाळी
मी सायलीसारखंच लिहिलं होतं, "पण" न घालता. आईचं उत्तर आलं: "उपकार नकोत." त्यानंतर मी महिन्यातून एकदा साधा मेसेज टाकतो, तब्येतीचा किंवा कामाचा. उत्तर मागत नाही. ती वाचते, एवढं दिसतं. माझी बहीण म्हणते, पूर्ण थांब, तुझ्या मेसेजचंही तिला ओझं होत असेल. मला वाटतं, थांबलो तर तिला सोडून दिल्यासारखं होईल. असं कुणी केलंय का? किती काळ?

मनीषा_समुपदेशक
तिने "लिहू नकोस" असं स्पष्ट म्हटलंय का? म्हटलं असेल तर थांबा. नसेल तर मी लिहीत राहीन, पण माझेही सहकारी यावर एकमत नाहीत.

दोन_मुलांची_आई
रात्रपाळी, मी तुमच्या आईला ओळखत नाही. पण मी तरी असे मेसेज वाचले असते, आणि दोनदा वाचले असते.