मुलांच्या डोक्यातल्या उवा परत परत का होतात? तुमचे अनुभव सांगा

चाफेकळी, लालबाग
लेक तिसरीत आहे, शाळा सुरू झाल्यापासून तिसऱ्यांदा उवा झाल्यात. मेडिकलमधून परमेथ्रिनचं १ टक्कावालं लोशन आणलं, १० मिनिटं ठेवून धुतलं, टॉवेलवर मेलेल्या उवा पण दिसल्या आणि मला वाटलं सुटलो, तर पंधरा दिवसांत परत खाजवायला लागली. रोज चादरी उकळून हात गेलेत माझे. तुमच्याकडे कशाने गेल्या?

अनुश्री
एकदाच लावलंत ना? आम्हीपण तिथेच फसलो. औषधाने उवा मरतात पण लिखा सगळ्या मरत नाहीत, त्या आठ-नऊ दिवसांत फुटतात आणि ती पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत परत लावायचं असतं. म्हणजे १ तारखेला लावलं तर १० तारखेला परत, डोकं साफ दिसलं तरीही. मधल्या दिवसांत दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून विंचरायचं, दरवेळी फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसायची, म्हणजे तिळाएवढी ऊ पाय हलवताना दिसते. कानामागे आणि मानेवर जास्त असतात. फक्त औषधाच्या दिवशी आधी कंडिशनर नको.

चादरी रोज नका उकळू हो, डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते. डोक्याला डोकं लागून येतात त्या. आम्ही चौघं एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपतो, म्हणून एकाच शनिवारी सगळ्यांची डोकी बघितली. सासूबाई म्हणत होत्या "माझ्या अंबाड्यात कशाला येतील", फणीला सात निघाल्या! लेक त्यांच्याच कुशीत झोपते.

बोरिवलीकर
एवढं कशाला, सीताफळाच्या बिया वाटून खोबरेल तेलातून लावा, आमची आजी तेच करायची. मुलाचा तर मी सरळ मशीनकट केला, मिटलं.

स्नेहल
केस कापल्यावर जातात खरं पण मुलीचे कसे कापणार दादा. आणि सीताफळाच्या बिया प्लीज नको, माझ्या चुलत बहिणीच्या डोळ्यात ओघळ गेला, बुबुळाला जखम झाली, चार दिवस डोळा उघडत नव्हता.

विहानची आई
माझ्या मुलाच्या डोक्यात पांढरं पांढरं आहे, शाम्पू बदलला तरी जात नाही, कोणता शाम्पू चांगला?

अनुश्री
फुंकर मारून बघा, उडाला तर कोंडा. लीख केसाला चिकटलेली असते, नखाने ओढून काढावी लागते.

स्नेहल
आमच्याकडे मात्र दोनदा नीट लावूनही दुसऱ्या दिवशी जिवंत फिरत होत्या, शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. त्या औषधाला दाद देत नव्हत्या की स्कूल व्हॅनमधून परत आल्या, अजून कळलेलं नाही.

चाफेकळी, लालबाग
आज रात्री फणी घेऊन सगळ्यांना बसवलं. लेकीच्या डोक्यात निघाल्याच, माझ्या डोक्यात तीन, ह्यांच्यात एकही नाही. लेकीला आणि मला औषध लावलं, कॅलेंडरवर नववा दिवस गोल करून ठेवलाय.