रंगावरून टोमणे: तुम्ही नोंद कशी ठेवलीत? (अनुभव)

पायवाट: रंगावरून चिडवलं गेल्याचे अनुभव इथे अनेकांकडे असतील. मला ऐकायचंय ते हे, की तुम्ही ते लिहून ठेवलंत का, कसं, आणि त्याचा उपयोग झाला का.

माझं सांगते. व्हिडिओ मीटिंगमध्ये आमचा टीम लीड म्हणायचा, "लाईट लाव गं, नुसते दातच दिसतायत." सगळे हसायचे. रात्री मी वहीत लिहायचे, "आज पुन्हा सगळ्यांसमोर अपमान केला." तीन महिन्यांनी एचआरकडे गेले, तर पहिलाच प्रश्न आला, "नेमके शब्द काय होते?" वहीत बारा नोंदी होत्या, पण त्याचं वाक्य एकीतही नव्हतं. कुठल्या दिवशी काय म्हणाला, ते मलाच सांगता येईना. तक्रार तिथेच अडकली.

कोरा कागद: ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. मीही डायरी लिहिते. शाळेत मला 'डांबर' म्हणायचे, तेव्हापासूनची सवय आहे. लिहिलं की रडू थांबतं. त्यामुळे अपमान झाला असं लिहिण्यात तुमची चूक नाही.

सहावा मजला: चूक नाहीच, पण त्या दोन वेगळ्या वह्या हव्यात. मी काही वर्षं कंपनीच्या तक्रार समितीत होतो. मन मोकळं करायची वही खाजगी ठेवा, कारण पुरावा म्हणून दिलेली वही समोरचा माणूसही वाचू शकतो.

दुसऱ्या वहीत त्याचं वाक्य अवतरणात, जसंच्या तसं लिहायचं. तारीख, वेळ, कुठली मीटिंग, कोण हजर होतं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, एवढं पुरे. शब्द नीट आठवत नसतील तर 'साधारण असं' म्हणून लिहा. त्याच दिवशी लिहिलेल्याला वजन असतं. नंतर काही आठवलं तर जुनी नोंद खोडू नका, खाली नव्या तारखेने जोडा.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती नोंद, ज्या दिवशी तुम्ही "मला हे आवडत नाही, थांबवा" म्हणालात. 'गंमत होती' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतं. नको म्हटल्यानंतरही तेच वाक्य चार वेळा आलं हे तारखांसह दिसलं, की ते उत्तर लंगडं पडतं. तोंडी सांगणं जमत नसेल तर साधा मेसेज करा. म्हणजे तारीख आपोआप राहते.

वारा: एवढं कशाला? फोनवर गुपचूप रेकॉर्ड करायचं. आवाजापुढे कोण काय बोलणार?

सहावा मजला: आवाज भक्कम असतो हे खरं. पण न सांगता रेकॉर्ड करणं काही ठिकाणी कायद्याने चालत नाही, आणि कंपनीच्या नियमात बसत नसेल तर उलट तुमच्यावरच कारवाई सुरू होते. आधी नियम विचारून घ्या. ग्रुपवरच्या टोमण्यांचे स्क्रीनशॉट मात्र लगेच घ्या, कारण मेसेज पाठवणाऱ्याला नंतर पुसता येतो. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि मागचंपुढचं बोलणं दिसू द्या. आणि हे सगळं फक्त ऑफिसच्या मेलमध्ये ठेवू नका. नोकरी सुटली की तो मेल बंद होतो.

चांदणं: माझं उलटं आहे. मला कोड आहे. ऑफिसात म्हणतात, "बरंय, फुकटात गोरी होतेयस." हे इथे बसतं का माहीत नाही. कौतुकाच्या सुरात म्हणतात, मग लिहायचं काय?

सहावा मजला: बसतं. सूर लिहू नका, वाक्य लिहा. ते वाचणाऱ्याला सूर कळतो.

दोन वेण्या: मुलीचा अनुभव. वय नऊ. घरी येऊन म्हणाली, "सगळे चिडवतात." मी विचारणार होते, "काळी म्हणतात का?" पण थांबले. माझे शब्द तिच्या तोंडी गेले असते. फक्त "मग काय झालं?" विचारत राहिले. तिसऱ्यांदा म्हणाली, "माझ्या शेजारी बसलं की रंग लागतो म्हणतात." ते वाक्य तसंच लिहून घेतलं.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलं आहेत, चालायचंच, पण मी बोलते." त्याच संध्याकाळी मी त्यांना मेसेज केला: "आज दुपारी आपण बोललो. येत्या सोमवारपर्यंत वर्गाशी बोलाल असं आपण म्हणालात. माझा काही गैरसमज असेल तर कळवा." उत्तर आलं, "ठीक आहे." सोमवारी काहीच झालं नाही. मुख्याध्यापकांना मेसेज आणि ते उत्तर दाखवलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी हालचाल झाली.

पण काय केलं, तर माझ्याच मुलीची जागा बदलली. आता ती एकटी बाकावर बसते. तेही तारखेसह लिहिलंय. पुढचं पत्र कोणाला लिहू?

पायवाट: एकटी बसवली? कोणी अशी जागा परत बदलून घेतली असेल तर यांना सांगा ना.

कोरा कागद: मला सातवीत असंच बसवलं होतं. घरी कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला रोज विचारत राहा.