ट्रान्सक्रिप्शनची कामं सारखी परत येताहेत, नेमकं चुकतंय काय? (मदत हवी आहे)

कानोसा: महिनाभर सारखी कामं परत येताहेत. शेरा एकच, 'अचूकता कमी'. सगळे शेरे वाचले, काही बोध नाही. लवकर सांगा, प्रोजेक्टमधून काढतील आता.

चौकटराजा: अपील टाक. माझं फोटोंवर चौकटी काढायचं काम, तीनदा अपील जिंकलोय. रिव्ह्यूअर नीट बघतच नाहीत.

शाईपेन: किती परत आली? मंजूर किती? दुरुस्त प्रत दिसते का तुला?

कानोसा: ३१ परत. मंजूर कशाला मोजू, ती तर बरोबरच आहेत ना? दुरुस्त प्रत दिसते, उघडली नाही अजून.

शाईपेन: मग वाचलंस काय! 'अचूकता' हा बहुधा यादीतला पर्याय असतो, काहीही चुकलं की रिव्ह्यूअर तोच निवडतो. शेरा सोड, फरक बघ. तुझी आणि दुरुस्त प्रत शेजारी ठेव. प्रत्येक बदलाला एक ओळ: काय बदललं, कुठल्या नियमात बसतं, काम कुठल्या तारखेचं. आधी दहाच कर.

झटपट_०७: एवढा खटाटोप कशाला? लांब क्लिप घेऊ नकोस. कान थकतो, चुका तिथेच होतात.

कानोसा: अगदी बरोबर! ३१ पैकी २० लांबच आहेत.

शाईपेन: आणि मंजूर झालेल्यांत?

कानोसा: मोजली. ९३ पैकी ६०.

शाईपेन: म्हणजे दोन्हीकडे तीनात दोन लांब. तू कामच लांब क्लिपांचं जास्त करतेस, लांबीचा काही दोष दिसत नाही.

झटपट_०७: माझ्या बाबतीत होता. असो.

सूरपेटी: हेडफोन कुठला वापरता? बंद कपाचा घ्या.

कानोसा: दहा झाली. सातांत एकच भानगड. बाई म्हणते, "मी, मी परवा, नाही, काल गेले होते." मी लिहिलं, "मी काल गेले होते." त्यांनी सगळं अडखळणं परत घातलंय. पण मी पहिल्यापासून असंच लिहिते, आणि तेव्हा मंजूर व्हायचं!

शाईपेन: ही सात कधीची?

कानोसा: सगळी १२ तारखेनंतरची… थांबा. सूचनांची फाईल ११ ला बदललीय. आधी 'स्वच्छ' होतं, आता 'शब्दशः'. नोटीस आली होती, मी न वाचता बंद केली.

शाईपेन: मग १२ नंतर मंजूर झालेली चार-पाच उघड. त्यांतही अडखळणं गाळलं असशील, तर कारण एवढंच नाही.

कानोसा: पाच बघितली. चारांत कुणी अडखळतच नाही. पाचव्यात गाळलंय, तरी मंजूर.

चौकटराजा: बघा! रिव्ह्यूअरगणिक न्याय. अपील टाक.

शाईपेन: कशाच्या जोरावर? नियम त्यांच्या बाजूने आहे. पाचवं नजरेतून सुटलं असेल. उरलेल्या तिनांचं काय?

कानोसा: दोघं एकदम बोलतात तिथे. मी एकाच ओळीत लिहिलं, त्यांनी दोन केल्या. सूचनांत याबद्दल अक्षर नाही.

शाईपेन: तिनांवरून काही ठरवू नकोस. पण तोच एक तुकडा वेळेसकट पाठवून विचार, ओळ एक की दोन.

कानोसा: पाठवलं. उरलेली २१ आज रात्री.