मदत हवी आहे: किंमत, कर, शिपिंग आणि बिल जाहिरातीत कसं लिहावं?

दिवेकरीण
नमस्कार. मी लाकडी टेबल लॅम्प बनवून ऑनलाइन विकते. करासाठी माझी नोंदणी आहे, बिल देते. अडचण जाहिरातीच्या मजकुराची आहे. सध्या असं लिहिते:

"किंमत फक्त 1000 + कर. शिपिंग वेगळं. बिल मिळेल."

परवा एका बाईंनी विचारलं, "1000 ला पाठवाल ना?" मी म्हटलं, करासह 1200 होतील. त्या हो म्हणाल्या. मग पत्ता मिळाल्यावर शिपिंगचे 120 सांगितले, म्हणजे 1320. तरीही हो म्हणाल्या. बिल करायला बसले तर सॉफ्टवेअरने शिपिंगवरही कर लावला आणि एकूण 1344 आलं. चौथा आकडा सांगायची मला लाज वाटली, म्हणून 24 मीच सोसले. पण त्यांचा शेवटचा मेसेज अजून डोळ्यांसमोर आहे: "ताई, नक्की किती भरायचे ते एकदाच सांगा." बरोबरच होतं त्यांचं. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे कराचा दर 20 टक्के धरला आहे. काय लिहू, म्हणजे पहिल्या वाचनातच शेवटची रक्कम कळेल?

मोकळं_आभाळ
शिपिंगवर कर कसा लागेल? कुरियरवाल्याला आपण दिलेलेच पैसे ते. सॉफ्टवेअरचं सेटिंग चुकलं असणार.

जमाखर्च
सेटिंग बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. वस्तू आणि ती पोहोचवणं हे एकाच व्यवहारात विकलं, तर पोहोचवण्याचा आकार हा विक्रीच्याच रकमेचा भाग धरला जातो आणि त्याला वस्तूचाच दर लागतो. बऱ्याच करपद्धतींत हेच चालतं, तरी तुमचे हिशेब बघणाऱ्यांना एकदा विचारून घ्या. म्हणजे 1000 अधिक 120 मिळून 1120, त्यावर 20 टक्के 224, एकूण 1344.

मजकुरात तुमची चूक एकच झाली. तुम्ही स्वतःच्या वहीतला क्रम ग्राहकापुढे मांडलात. वहीत मूळ किंमत, मग कर, मग वाहतूक असं चालतं. ग्राहकाला मात्र खिशातून जाणारा आकडा आधी हवा असतो. तेव्हा "+ कर" काढाच. शिपिंगही करासह सांगा, म्हणजे 120 नाही, 144. असं लिहा:

"एकूण भरायची रक्कम 1344. यात लॅम्प 1200 आणि शिपिंग 144, दोन्ही सर्व करांसह. याहून वेगळा आकार नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. पोहोचल्यावर रोख देणाऱ्यांकडून जास्तीचे घेत असाल, तर ते तिथेच सांगावं लागेल.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत असतो. इथे दुकानातल्या पट्टीवर कराशिवायची किंमत असते, कर गल्ल्यावर मिळवतात, कुणाला काही वाटत नाही. "+ कर" लिहिण्यात गैर काय?

जमाखर्च
तिथे सगळेच तसं लिहितात, म्हणून लोक मनातल्या मनात कर मिळवूनच बघतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, युरोपीय संघात ग्राहकाला करासहच किंमत दाखवावी लागते. दिवेकरीण यांच्या ग्राहकाने 1000 हाच आकडा धरून ठेवला होता, म्हणजे त्यांच्याकडची सवय कोणती ते त्यातच कळतं.

मोकळं_आभाळ
बरं, माझा एक उपाय. "बिल हवं असल्यास कर वेगळा" असं लिहा. ज्याला बिल नको त्याला 1000 ला द्या. बरेच जण असंच करतात.

जमाखर्च
हे कृपा करून लिहू नका. कर विक्रीवर लागतो, बिलाच्या कागदावर नाही. नोंदणी असताना असं लिहिणं म्हणजे बिल नसलेल्या विक्रीचा कर भरत नाही, हे स्वतःच जाहीर करणं. उलट, ज्याची नोंदणीच नाही त्याला कर म्हणून वेगळे पैसे घेता येत नाहीत. त्याने साधं बिल द्यावं आणि "भरायची रक्कम अमुक" इतकंच लिहावं. तो "करासह" म्हणाला, तर धंद्यासाठी घेणारा माणूस कराची वजावट मिळेल असं धरून चालतो आणि मागाहून भांडण होतं.

कारकून_काका
बिलावरून माझं आठवलं. ऑफिससाठी खुर्ची मागवली. जाहिरातीत "बिल मिळेल" होतं आणि बिल आलंही, पण माझ्या नावावर. ऑफिसला कंपनीचं नाव आणि कर क्रमांक हवा होता. विक्रेता म्हणाला, आता बदलता येत नाही. तीन आठवडे माझे पैसे अडकले. मग खुर्चीचं बिल बदलून घ्यायला अर्ज कुठे करायचा?

जमाखर्च
काका, अर्ज वगैरे नसतो, विक्रेत्यालाच गाठावं लागतं. निघालेल्या बिलावर खाडाखोड चालत नाही. पहिलं बिल रद्द करून किंवा त्याची क्रेडिट नोट काढून नवीन बिल करतात. पण कराचं विवरण भरून झालं की विक्रेते टाळाटाळ करतात.

दिवेकरीण, तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं हे की नुसतं "बिल मिळेल" अपुरं आहे. कुठलं बिल, कधी आणि कोणाच्या नावाने, हे एका वाक्यात बसतं: "प्रत्येक ऑर्डरसोबत करासह पक्कं बिल, वेगळा आकार नाही, कंपनीच्या नावाने हवं असल्यास नाव आणि कर क्रमांक पैसे भरण्याआधी कळवा."

खोकेबांधणी
सगळ्यांना एकच शिपिंग सांगण्याआधी खोकं मोजा. लॅम्प वजनाला 2 किलो असेल, पण 40 × 30 × 30 सेंटीमीटरच्या खोक्यात गेला तर 36000 भागिले 5000, म्हणजे 7.2 किलोचे पैसे लागतात. बरेच कुरियर हाच भागाकार करतात आणि दोन्हींतलं जास्त वजन धरतात. तुमचे 120 काट्यावरच्या वजनाने काढले असतील, तर पुढच्या महिन्याच्या कुरियर बिलात फरक दिसेल.

दिवेकरीण
काट्यावरचंच वजन धरलं होतं. आत्ता खोकं मोजलं, 35 × 25 × 25. म्हणजे जवळजवळ 4.4 किलो! आतला कागदाचा भरणा कमी करून लहान खोकं बघते, मगच शिपिंगचा आकडा ठरवेन.

एक शंका राहिली. दिवाळखोर व्हायचं नाही म्हणून विचारते: 1200 करासह लिहिले तर त्यातला कर 240 ना?

जमाखर्च
नाही, 200. कर 1000 वर लागला आहे, 1200 वर नाही. करासह रकमेतून कर काढताना 1200 ला 20 ने गुणून 120 ने भागा. 240 धरलात तर दर लॅम्पमागे स्वतःचे 40 जास्त भराल.

मोकळं_आभाळ
मग सरळ "1344, शिपिंग मोफत" का नको? एकच आकडा, विषय संपला.

खोकेबांधणी
एका लॅम्पला ठीक. दोन घेणाऱ्याकडून मात्र शिपिंग दोनदा घेतलं जाईल, आणि दोन लॅम्प एका खोक्यात गेले तर खर्च दुप्पट येत नाही. शिवाय माल परत आला तर 1344 परत करायचे की 1200, हा वाद उभा राहतो.

जमाखर्च
परतीचा नियम ठिकाणाप्रमाणे बदलतो. मी तरी दोन आकडे वेगळे दाखवून वर एकूण लिहीन. पण लहान, एकेकच विकल्या जाणाऱ्या वस्तूला मोकळं_आभाळ म्हणतात ते चालतं, हेही खरं.

दिवेकरीण
सध्या एवढं ठरवलं आहे: वर ठळक एकूण रक्कम, खाली लॅम्प आणि शिपिंग करासह, मग बिलाचं वाक्य. दोन लॅम्पच्या खोक्याचं माप घेऊन त्याचं एकूण वेगळ्या ओळीत देईन. तीन किंवा जास्त घेणाऱ्यांसाठी काय लिहावं ते अजून सुचत नाही. "पत्ता कळवा, एकूण रक्कम सांगते" असं लिहिलं तर पुन्हा तोच घोळ होईल का?